'धरणामुळे भूकंप झाला': सारांश सोपा करताना अर्थ कुठे निसटतो आणि तो परत कसा आणायचा

तक्रार काय असते

कराड, पाटण भागातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शन किंवा प्रकल्पवहीची वेळ आली की कोयनेचा भूकंप हा विषय हमखास निघतो. मोठ्यांसाठी लिहिलेल्या एखाद्या लेखाचा सारांश हाताशी असतो आणि शिक्षक किंवा पालक तो सातवीच्या मुलाला कळेल असा करून देतात. वाक्यं छोटी होतात, अवघड शब्द जातात, मूल ते घडाघडा वाचतं. पण भूगोल जाणणाऱ्या कुणी ते वाचलं तर लक्षात येतं की मूळ लेखाने जे म्हटलेलंच नाही तेच यात म्हटलंय. दुरुस्त करायला बसावं तर कुठलंच एक वाक्य धडधडीत खोटं सापडत नाही. पुढच्या वर्षी दुसरा लेख आणि दुसरं मूल असतं, चूक मात्र तीच असते.

ही चूक ठराविक जागी होते, त्यामुळे ती पकडता येते. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवलं आहे. मोठ्यांसाठीचा सारांश साधारण असा असतो:

> कोयना-वारणा परिसरातील भूकंपीयता हे जलाशय-प्रेरित भूकंपीयतेचे जगातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. शिवाजीसागर जलाशयात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस पाणी साठू लागल्यानंतर परिसरात लहान धक्क्यांची नोंद होऊ लागली व ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ महत्तेचा भूकंप झाला. तेव्हापासून सुमारे २० × ३० किलोमीटरच्या मर्यादित क्षेत्रात ५ किंवा त्याहून अधिक महत्तेचे २० हून अधिक भूकंप झाले आहेत. जलाशयाच्या भारामुळे व खडकांतील भेगांमधील पाण्याच्या दाबात झालेल्या वाढीमुळे प्रस्तरभंगांवर आधीपासूनच साचलेला ताण मुक्त होण्यास चालना मिळत असावी, असे बहुतांश संशोधक मानतात. जलपातळीतील हंगामी बदल व धक्क्यांची वारंवारता यांत सहसंबंध आढळला असला, तरी प्रक्रियेचे नेमके स्वरूप व कालविलंब यांविषयी संशोधन सुरू आहे.

आणि मुलांच्या वहीत उतरतं ते हे:

> कोयना धरणामुळे भूकंप होतात. धरणात खूप पाणी साठलं आणि त्याच्या वजनाने जमीन फाटली. ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ रिश्टरचा मोठा भूकंप झाला. पाणी जमिनीत मुरून तेलासारखं काम करतं, म्हणून खडक घसरतात. धरण भरलं की धक्के वाढतात. हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. म्हणून धरणाजवळ राहणं धोक्याचं असतं.

वाचायला हे सोपं आहे, यात शंका नाही. आता एकेक बिघाड पाहू.

सगळ्यात मोठा बिघाड: '-मुळे'

मराठीत '-मुळे' हा प्रत्यय फार सोयीचा आहे आणि इथे तोच घात करतो. 'पावसामुळे सहल रद्द झाली', 'तापामुळे तो आला नाही' असं आपण दिवसभर बोलतो. त्यात संपूर्ण कारण, अर्धं कारण आणि नुसती चालना हे सगळं एकाच भांड्यात जातं. मोठा माणूस संदर्भावरून काय ते समजून घेतो. मुलाला मात्र 'धरणामुळे भूकंप' याचा एकच अर्थ लागतो: धरण नसतं तर जमिनीत काहीच नव्हतं.

मूळ सारांश काय म्हणतो ते पुन्हा पाहा: 'आधीपासूनच साचलेला ताण'. म्हणजे भूकंपाची ताकद पाण्याने आणलेली नाही, ती खडकात आधीपासून होती. पाण्याने ती सुटायला चालना दिली असावी. अख्ख्या परिच्छेदातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि सोप्या रूपातून नेमका तोच गायब झाला.

तो का गायब झाला हे कळलं की पुढच्या लेखातही ही चूक टाळता येते. मूळ वाक्यात हा मुद्दा 'साचलेला' या विशेषणात बसवलेला आहे. त्याला स्वतःचं क्रियापद नाही. सोपं करताना आपली नजर वाक्याच्या क्रियापदावर जाते (इथे 'चालना मिळत असावी') आणि नामाला चिकटलेली विशेषणं आपण ओझं समजून काढून टाकतो. लेखी मराठीत 'साचलेला', 'झिरपणारे', 'नोंदविण्यात आलेल्या' असल्या शब्दांत अख्खी विधानं दडलेली असतात. म्हणून वाक्य तोडण्याआधी पेन्सिलने '-लेला', '-णारा', '-लेल्या' अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा आणि प्रत्येकाचं स्वतंत्र वाक्य करून पाहा. 'प्रस्तरभंगांवर आधीपासूनच साचलेला ताण' याचं होतं: 'खडकांतल्या मोठ्या भेगांवर ताण आधीपासून साचला होता.' हे वाक्य काढायचं की ठेवायचं ते मग ठरवा, पण ते आहे हे आधी दिसू दे.

दुसरा उपाय मराठीतच तयार आहे. आपल्याकडे 'कारण' आणि 'निमित्त' हे दोन शब्द आहेत आणि मुलांना त्यातला फरक घरातच कळलेला असतो. दोन भावांचं महिनाभर बिनसलेलं असतं आणि एक दिवस पेन्सिलीवरून भांडण पेटतं, तेव्हा आजी म्हणते, पेन्सिल निमित्त झाली. 'खडकात ताण आधीपासून होता, पाणी निमित्त झालं असावं' हे वाक्य सातवीच्या मुलाला एका दमात कळतं आणि संशोधकाचं म्हणणंही त्यात पुरतं राहतं. 'प्रेरित' या शब्दाने ते होत नाही, कारण मुलाला तिथे 'प्रेरणा' ऐकू येते.

एक इशारा. वाक्यातून '-मुळे' काढला म्हणजे काम झालं असं नाही. 'धरणात पाणी भरलं. भूकंप झाला.' अशी दोन वाक्यं शेजारी ठेवली तरी वाचणारा मधला '-मुळे' स्वतः भरून घेतो. लांब वाक्य तोडताना 'तरी', 'मात्र', 'त्यानंतर' असे जोडणारे शब्द पडतात आणि मोकळ्या जागेत सर्वांत सोपा अर्थ शिरतो. म्हणून वाक्य तोडा, पण जोडशब्द पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. 'त्यानंतर लहान धक्के नोंदले जाऊ लागले' यात फक्त क्रम सांगितला जातो. कारण सांगायचं असेल तर ते वेगळ्या वाक्यात आणि त्याच्या खात्रीसकट सांगावं.

'असावी' कुठे गेलं

दुसरा बिघाड: मूळ सारांशात चार ठिकाणी लेखकाने हात आखडता घेतला आहे. 'मानले जाते', 'चालना मिळत असावी', 'बहुतांश संशोधक मानतात', 'संशोधन सुरू आहे'. वहीत यांच्या जागी आलं 'सिद्ध केलं आहे'.

हे मुद्दाम कुणी करत नाही. मुलांसाठी लिहायचं म्हणजे ठाम लिहायचं, नाहीतर त्यांचा गोंधळ होतो, अशी आपली समजूत असते. पाठ्यपुस्तकाची भाषा तशी असते आणि ती आपल्या कानात बसलेली असते. शिवाय असे शब्द वाक्याच्या शेवटी येतात आणि शब्दसंख्या कमी करताना पहिली कात्री तिथेच लागते.

मुलांना अनिश्चितता कळत नाही हे खरं नाही. 'आज पाऊस येईल' आणि 'आज पाऊस येईल असं वाटतंय' यातला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. त्यांना कळत नाही ती कर्मणी रचना: 'असे मानले जाते' म्हणजे कोण मानतं? म्हणून खात्रीचा शब्द काढू नका. त्याला कर्ता द्या आणि तो वाक्याच्या सुरुवातीला आणा: 'बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं की…'. तीन पायऱ्या पुरतात. जे यंत्रावर मोजलं गेलं आहे त्याला 'नोंद आहे', 'मोजलं'. ज्यावर बहुतेकांचं एकमत आहे त्याला 'बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं'. जे अजून ठरायचं आहे त्याला 'अजून शोधत आहेत'. मुलाशी बोलताना चौथी, पाचवी पायरी सांभाळत बसण्यात अर्थ नाही.

उलटी चूकही होते, तिचीही नोंद घ्या. सावध राहायचं म्हणून सगळ्याच वाक्यांना 'कदाचित' लावला जातो. मग ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही मुलाला 'कदाचित झालेला' वाटू लागतो. नोंदलेली गोष्ट ठामच लिहायची.

'सहसंबंध' हा शब्दही इथेच येतो. त्याची 'धरण भरलं की धक्के वाढतात' अशी वासलात लागते, जणू बटण दाबलं आणि दिवा लागला. कोयना परिसरात पावसाळ्यानंतर धक्क्यांची संख्या वाढल्याचं दिसतं, पण पाणी चढणं आणि धक्के वाढणं यांत मध्ये काळ जातो, आणि तो काळ नेमका किती व का, हाच तर संशोधनाचा प्रश्न आहे. मुलासाठी: 'तलावाची पातळी बदलते आणि काही काळाने धक्क्यांची संख्याही बदलते, असं नोंदींत दिसलं आहे.' यात कोण कुणामुळे, हे सांगितलेलंच नाही. तसंच हवं.

उदाहरण वाकडं लागलं की सगळं वाकडं

'पाणी तेलासारखं काम करतं' हे वाक्य मूळ सारांशात कुठेच नाही. सोपं करणाऱ्याने ते मदत म्हणून आणलं, आणि मूल बाकी सगळं विसरेल पण हे विसरणार नाही. त्यामुळे उदाहरणाची चूक सर्वांत महागात पडते.

तेलाचं उदाहरण चुकीचं आहे कारण त्यातून कळतं की खडक ओले झाले, गुळगुळीत झाले आणि घसरले. प्रत्यक्षातली यंत्रणा वेगळी आहे. मोठ्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर प्रचंड दाबले गेलेले असतात आणि त्या दाबामुळेच त्यांची एकमेकांवर पकड असते. भेगेत भरलेल्या पाण्याचा दाब वाढला की ते पाणी दोन्ही बाजूंना बाहेरच्या दिशेने रेटतं, पकड तेवढी कमी होते, आणि बाजूने आधीच लागलेला जोर पुरेसा ठरतो. खडक कितीही खडबडीत असले तरी हे घडू शकतं. गुळगुळीतपणाशी त्याचा संबंध नाही.

यासाठी लागणारं साहित्य मुलाजवळ आहे: त्याचे दोन तळहात. नमस्कारासारखे हात जोडून एकमेकांवर घट्ट दाबायला सांगा. आता तसेच दाबलेले ठेवून उजवा हात पुढे आणि डावा मागे ढकलायचा प्रयत्न करायचा. ते हलत नाहीत. ढकलणं तसंच चालू ठेवायचं, जोर वाढवायचा नाही, फक्त हातांचा एकमेकांवरचा दाब हळूहळू कमी करायचा. एका क्षणी हात झटक्याने सरकतात. हात सरकले ते ढकलण्याच्या जोराने, आणि तो जोर आधीपासून होता. दाब कमी होणं निमित्त झालं. वरचे कारण आणि निमित्त इथे हातात आले.

पुढच्या प्रत्येक लेखात उदाहरण पारखायची रीत अशी. उदाहरणातल्या प्रत्येक भागासमोर मूळ गोष्टीतला भाग लिहा: ढकलणं म्हणजे साचलेला ताण, हात दाबणं म्हणजे खडकांची पकड, दाब कमी करणं म्हणजे भेगेतल्या पाण्याचा रेटा, झटका म्हणजे भूकंप. जोडी न लागणारा भाग उरला का ते पाहा. तेलाच्या उदाहरणात 'गुळगुळीतपणा' उरतो, त्याला मूळ गोष्टीत जोडीदार नाही, आणि मूल नेमका तोच घेऊन जातं. उलट 'आधीचा ताण' याला तेलाच्या उदाहरणात जागाच नाही. तळहातांच्या उदाहरणातही एक उणीव आहे. हात लगेच सरकतात, खडकात मात्र पाण्याचा दाब खोलवर पोहोचायला वेळ लागतो. ही उणीव एका वाक्यात सांगून टाकायची: 'हात लगेच सरकले, पण जमिनीत हे व्हायला बराच काळ लागू शकतो.'

'वजनाने जमीन फाटली' हेही असंच आगंतुक वाक्य आहे. जलाशयाचा भार हा मूळ सारांशातला मुद्दा आहे, 'फाटली' हा नाही. भार आणि पाण्याचा दाब हे दोन मुद्दे मूळ लेखाने बरोबरीने मांडलेत. त्यातला एक ठेवून दुसरा टाकला की तोलही बदलतो. दोन्ही ठेवा, पण उलगडून एकच सांगा. दुसऱ्याला एक वाक्य पुरतं.

आकड्यांचं थोडक्यात

'६.३ रिश्टर' म्हणजे काय ते मुलाला माहीत नसतं आणि वर्तमानपत्रं त्यालाच 'तीव्रता' म्हणतात. भूकंपात किती ऊर्जा सुटली त्याचं माप म्हणजे महत्ता, आणि ते एका भूकंपासाठी एकच असतं. तीव्रता म्हणजे अमुक गावात तो किती जाणवला, आणि ती गावागणिक बदलते. सोप्या रूपात 'महत्ता' हा एक शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथेच अर्थ द्या. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते हे मुलाने विचारलं तर सांगायचं, मजकुरात घुसवायचं नाही.

१९६७ च्या भूकंपाची महत्ता वेगवेगळ्या ठिकाणी ६.३, ६.५ अशी वेगळी छापलेली आढळते. सारांश ज्या लेखाचा आहे त्यातलाच आकडा घ्या. शेजारच्या पुस्तकातला आकडा उचलला की तो या लेखाचा सारांश राहत नाही. आणि '२० हून अधिक' चं '२०' करू नका.

लहान करायचं की सोपं करायचं

शाळेत काम असं सांगितलं जातं: 'सोपं करून दहा ओळींत लिहा.' इथेच अर्धा बिघाड जन्माला येतो. सोपं करणं आणि लहान करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट ओढतात. विशेषणात दडलेलं विधान मोकळं केलं, 'असे मानले जाते' ला कर्ता दिला, नव्या शब्दाचा अर्थ सांगितला की मजकूर वाढतो. वाढायलाच हवा. नव्वद-शंभर शब्दांच्या दाट परिच्छेदाचं सातवीसाठीचं रूप दीडशे-पावणेदोनशे शब्दांपर्यंत गेलं तर त्यात वावगं काही नाही.

जागा खरोखर कमी असेल तर मुद्दे कमी करा, पण ठेवलेले मुद्दे दाबून लहान करू नका. वरच्या परिच्छेदात मुद्दे साधारण आठ आहेत. सहाच मावत असतील तर 'सर्वाधिक अभ्यासलेलं उदाहरण' आणि 'क्षेत्र २० × ३० किलोमीटर' हे पूर्ण वगळा. वगळल्याने मुलाला कमी कळेल, पण चुकीचं कळणार नाही. 'आधीचा ताण' मात्र वगळता येत नाही, कारण तो गेला की 'चालना' या मुद्द्याचा अर्थच उलटतो. एखादा मुद्दा वगळता येतो का, याची कसोटी हीच: तो नसताना उरलेल्यांपैकी एखाद्याचा अर्थ बदलतो का?

दुरुस्त केलेलं रूप

> कोयना धरणामागे शिवाजीसागर नावाचा मोठा तलाव आहे. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत या तलावात पाणी साठू लागलं. त्यानंतर या भागात लहान लहान धक्क्यांची नोंद होऊ लागली. ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. त्याची महत्ता ६.३ होती. (महत्ता म्हणजे भूकंपात किती ऊर्जा बाहेर पडली याचं माप.) तेव्हापासून इथल्या एका लहानशा भागात ५ किंवा त्याहून जास्त महत्तेचे २० हून अधिक भूकंप झाले आहेत.
>
> असं का होत असेल? जमिनीखालच्या खडकांत मोठ्या भेगा आहेत. त्या भेगांवर ताण आधीपासून साचलेला होता. बहुतेक शास्त्रज्ञांना वाटतं की तलावाच्या पाण्याने हा ताण सुटायला चालना दिली असावी. एक म्हणजे पाण्याचा भार खडकांवर पडतो. दुसरं म्हणजे भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि भेगेच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड कमी होते. मग आधीच ताणलेले खडक सरकतात. म्हणजे ताण हे कारण आणि पाणी हे निमित्त.
>
> तलावाची पातळी वर्षभर खाली-वर होते आणि धक्क्यांची संख्याही बदलते. या दोन्हींत काहीतरी संबंध असल्याचं नोंदींत दिसलं आहे. पण हे नेमकं कसं घडतं आणि मध्ये किती काळ जातो, हे शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत.

यात 'ताण हे कारण आणि पाणी हे निमित्त' हे वाक्य मूळ सारांशात शब्दशः नाही, पण त्याच्या अर्थाबाहेर ते जात नाही. याउलट भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, त्यात १७५ हून अधिक माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले पण ती उभी राहिली, ही माहिती खरी आहे. तरीही ती या मजकुरात मिसळायची नाही. ती खाली चौकटीत 'लेखाबाहेरची माहिती' म्हणून द्यायची.

त्या चौकटीत एक वाक्य मात्र जरूर असावं. मोठा वाचक हा लेख वाचून सगळ्याच धरणांबद्दल निष्कर्ष काढत नाही, कारण हजारो धरणं भूकंपाविना उभी आहेत हे त्याला माहीत असतं. मुलाला ते माहीत नसतं. 'धरणाजवळ राहणं धोक्याचं' हे शेवटचं वाक्य याच पोकळीतून आलं. म्हणून चौकटीत लिहा: 'जगात धरणं हजारो आहेत. जलाशयाशी संबंध जोडला जातो असे ६ किंवा त्याहून मोठ्या महत्तेचे भूकंप म्हटले की मुख्यतः चार ठिकाणांची नावं घेतली जातात: चीनमधलं शिनफेंगजियांग, झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरचं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि आपलं कोयना.'

तपासणी

लिहून झालं की मूळ लेख बाजूला ठेवा आणि फक्त सोप्या रूपावरून मुद्द्यांची यादी करा. प्रत्येक मुद्द्यापुढे 'नोंद', 'बहुतेकांचं मत' किंवा 'शोध चालू' यातलं एक लिहा. मग तीच यादी मूळावरून करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. सोप्या यादीत जास्तीचा मुद्दा निघाला किंवा एखाद्याची पायरी बदललेली दिसली, तर बिघाड तिथे आहे. वहीतल्या पहिल्या रूपाला ही तपासणी लावली तर 'फाटली', 'तेल', 'सिद्ध' आणि 'धोक्याचं' हे चारही लगेच वर येतात.

पण खरी परीक्षा मुलाजवळ होते. त्याला मजकूर एकदा वाचू द्या, कागद पालथा घाला, आणि 'काय कळलं' असं न विचारता हे तीन प्रश्न विचारा. धरण बांधलंच नसतं तर तिथल्या खडकांत ताण असता का? सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या पाझर तलावाजवळही असं होतं, असं यात म्हटलंय का? शास्त्रज्ञांना यातलं काय अजून कळलेलं नाही?

पहिल्याचं उत्तर 'हो' यायला हवं. ते 'नाही' आलं तर '-मुळे' कुठूनतरी परत शिरला आहे, पुन्हा दुसरा परिच्छेद पाहा. दुसऱ्याचं उत्तर 'यात तसं काही म्हटलेलं नाही' असं हवं. मुलांना 'यात नाही' हेही उत्तर असू शकतं हे आधी सांगावं लागतं, नाहीतर ती शिक्षकांना खूश करायला हो किंवा नाही म्हणतात. तिसऱ्यावर मूल गप्प बसलं तर शेवटचं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. बहुतेक वेळा ते परिच्छेदाच्या तळाशी असल्याने निसटतं. ते वेगळ्या ओळीवर आणा आणि प्रश्नाच्या रूपात लिहा: 'शास्त्रज्ञ अजून काय शोधत आहेत?' त्याखाली कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी या संशोधन प्रयोगशाळेचा उल्लेख चौकटीत करता येईल. कोयना परिसरात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल बोअर घेऊन बेसाल्टच्या थराखालच्या ग्रॅनाइटपर्यंत तिथले शास्त्रज्ञ पोहोचले आहेत, ते याच प्रश्नासाठी. ज्या गोष्टीचं उत्तर अजून मिळालेलं नाही ती शोधणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात आहेत हे कळलं की तिसरा प्रश्न मुलाच्या लक्षात राहतो.

हे कुठे चालत नाही

दोन मर्यादा सांगून ठेवतो. ज्या लेखात मुख्य मुद्दाच गणितावर उभा आहे, उदाहरणार्थ धक्क्यांच्या संख्येचं सांख्यिकी विश्लेषण, तिथे सातवीसाठी सारांश सोपा होत नाही. तिथे 'शास्त्रज्ञांनी काय मोजलं आणि त्यांना काय दिसलं' एवढंच द्यावं आणि 'कसं काढलं' ते पूर्ण वगळावं. आणि लेखातले दोन संशोधक एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर मधला सूर काढून 'थोडं हे, थोडं ते' असं लिहू नका, कारण ते दोघांपैकी कुणाचंच म्हणणं नसतं. 'काहींना असं वाटतं, काहींना तसं' अशी दोन सरळ वाक्यं मुलाला कळतात, आणि कोण बरोबर हे त्याने विचारलं तर त्याला 'अजून ठरलेलं नाही' असं सांगता येतं.